मागच्या महिन्याच्या तीन रात्री

माझी मोठी आत्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत पर्यवेक्षक होती. तिथे तिला तिच्या नावाने कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘मिनिटबाई’. कुणी सात वाजून चार मिनिटांनी आलं तर ती हजेरीवर सात-चार असंच लिहायची, सात नाही. तिला हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. घरी चहाला उशीर झाला की तिचे यजमान, माझे काका, म्हणायचे, “लिहून ठेव, मिनिटबाई. पुढच्या महिन्यात कापून घे.” ती हसायची.

हा प्रसंग तिने मला एकदाच सांगितला, निवृत्त झाल्यावर, कपाट आवरताना. सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. एकाच चादरीची घडी घालत होती, मोडत होती, परत घालत होती.

लॉन्ड्री हॉस्पिटलच्या तळघरात होती. एका दाराने मळलेले कपडे आत यायचे, दुसऱ्या दाराने धुतलेले बाहेर जायचे, आणि मळक्या बाजूच्या माणसाने स्वच्छ बाजूला पाय ठेवायचा नाही असा नियम होता. मध्ये धुलाईची मोठी यंत्रं आणि स्वच्छ बाजूला वाफेवर तापणारा लांबलचक रोलर. त्याच्या तोंडाशी ओलसर चादर धरायची, की पलीकडून ती कडक होऊन निघायची. हे काम करणारा माणूस पन्नाशीकडे झुकलेला होता. कमी बोलायचा, बोटांची टोकं कायम लालसर. त्याला सगळे रोलरदादा म्हणत. रात्रपाळीला वॉर्डावॉर्डातून मळके कपडे गोळा करून आणणारा तो लंबू. तो दाराच्या चौकटीतून वाकून यायचा, म्हणून लंबू.

हजेरीचा महिना एकवीस तारखेला सुरू होऊन पुढच्या वीसला संपायचा. एकवीसला आत्या सगळ्यांचे तास भरून वर पाठवायची. बावीसला संध्याकाळी पाचला पगार विभाग फाइल बंद करायचा. त्यानंतर कुणाचे तास चुकल्याचं कळलं, तर त्या महिन्याच्या पगारात काही होत नसे. दुरुस्तीचा फॉर्म भरायचा, त्यात काम नेमकं कुठल्या तारखेचं ते लिहायचं, आणि फरक पुढच्या पगारात वेगळ्या ओळीत यायचा. फॉर्मच्या तळाशी एक प्रश्न होता: विलंब कोणाकडून? पुढे तीन चौकोन. कामगार, पर्यवेक्षक, पगार विभाग. एकोणीस वर्षांत आत्याने असे पुष्कळ फॉर्म भरले होते आणि दर वेळी पहिल्याच चौकोनात खूण केली होती. वर चार शब्द ऐकवायचीही. “तारीख भिंतीवर लिहिलीय. डोळे घरी ठेवून येता का?”

त्या वर्षी एका महिन्याच्या सोळा, सतरा आणि अठरा या तीन तारखांना रोलरदादाने बिनपगारी रजा मागितली होती. त्याची मुलगी नर्सिंगला होती. तिला हॉस्टेलवर सोडून यायचं होतं. आत्याने रजा मंजूर करून नोंदवून टाकली. पंधराला दुपारी लंबूला सडकून ताप भरला. त्या रात्री त्याची सुट्टीच होती, पण पुढच्या तीन रात्रींना माणूस मिळेना. शेवटी रोलरदादा म्हणाला, “मुलीला पुढच्या आठवड्यात सोडतो. तीन रात्री मी करतो.” त्याने बदलीची चिठ्ठी लिहिली, लंबूने तापातच तिच्यावर सही केली, आणि दादाने ती आत्याच्या हातात दिली. आत्या तेव्हा फोनवर होती. तिने मान हलवून चिठ्ठी घेतली.

एकवीसला तिने हजेरी भरली, ती आधीच्या नोंदी पाहून. रोलरदादा तीन दिवस बिनपगारी रजेवर, लंबू तीन रात्री हजर. चिठ्ठीचं तिच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

महिनाअखेरीला पगार झाला. डब्याच्या सुट्टीत रोलरदादा स्लिप घेऊन तिच्या टेबलाशी आला. सगळे तिथेच बसलेले.

“बाई, माझ्या तीन रात्री दिसत नाहीत.”

“कुठल्या रात्री? तुम्ही रजेवर होतात.”

“लंबूच्या पाळ्या केल्या ना. चिठ्ठी दिली होती.”

“चिठ्ठी दिली असती तर माझ्याकडे असती.” आत्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. “मी एवढ्या वर्षांत कुणाचा कागद हरवलेला नाही. दिली असं वाटणं वेगळं आणि देणं वेगळं.”

कुणीतरी हसलं. रोलरदादाने स्लिपकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाला, “असेल बाई. माझ्याच लक्षात नसेल.” स्लिपची घडी घालून तो परत गेला.

साडेचारला निघताना आत्याने किल्ल्या घ्यायला खण ओढला. फोनची वही उचलली आणि तिच्यातून चिठ्ठी खाली पडली. पंधरा तारीख, दोन सह्या. लंबूची सही तापात केलेली, वाकडीतिकडी.

“खरं सांगू?” ती मला म्हणाली. “पहिला विचार त्याच्या पैशाचा नव्हता. कुणी पाहिलं तर नाही ना, हा होता.”

तिने फॉर्म काढला. तारखा लिहिल्या, तास लिहिले. तळाच्या चौकोनांशी आली आणि पेन थांबलं. पहिल्या चौकोनात खूण करायला हात धजेना. चिठ्ठी समोरच होती. दुसऱ्यात करायलाही धजेना, कारण तो फॉर्म व्यवस्थापकांच्या सहीला जाणार, पगार विभागात जाणार, आणि मिनिटबाईचाच कागद खणात राहिला हे मजल्यामजल्यावर कळणार. तिने फॉर्म फाडला. चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिने रोलरदादाला बाजूला घेतलं. “जाऊ दे, दादा. चिठ्ठी नसली तरी पुढच्या पगारात मी बघते काहीतरी.”

त्याने हात जोडले. “उपकार होतील बाई. हॉस्टेलचे साडूकडून घेतलेत. तो काही बोलत नाही, पण त्याच्या घरी जायचं म्हटलं की पाय उचलत नाही.”

चूक तिची आणि उपकारही तिचेच. ती म्हणाली, त्या दिवसापासून ताटातलं निम्मं तसंच राहायला लागलं. काकांनी दोनदा विचारलं. तिने ॲसिडिटीवर ढकललं.

तिने जी युक्ती केली ती हिशेबात चोख होती. तीन पाळ्या म्हणजे चोवीस तास. ओव्हरटाइमला दुप्पट दर, म्हणजे बारा तासांच्या ओव्हरटाइमचे तेवढेच होतात. तिने नव्या महिन्यात रोलरदादाच्या नावावर बारा दिवस रोज एक तास जादा लिहिला. लंबूला हात लावला नाही, कारण त्याचं कापायचं तर कारण सांगावं लागलं असतं. पंधरा तासांच्या आत ओव्हरटाइम असला तर पगार विभाग फाटकावरची वही तपासत नाही, हे तिला माहीत होतं. त्याच महिन्यात ती मर्यादा दहावर आणली होती, हे माहीत नव्हतं. ते परिपत्रक तिच्याच फलकावर लागलं होतं. इतरांना डोळे घरी ठेवून येता का म्हणणारीने ते वाचलं नव्हतं.

बावीसला सकाळी अकराला पगार विभागातून फोन आला. रोलरदादाला घेऊन वर या.

पगार विभाग चौथ्या मजल्यावर, काचेच्या पलीकडे. पगारवाल्या मॅडम आत्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, आवाज कधी चढवत नसत. त्यांच्यासमोर फाटकाची वही आणि हजेरी शेजारी शेजारी उघडी होती.

“दादा, बारा दिवस तुमचा चारपर्यंत ओव्हरटाइम आहे,” मॅडम म्हणाल्या. “आणि बाराही दिवस तुम्ही तीन-दहाला फाटकाबाहेर पडलाय. हे कसं?”

रोलरदादाला काय लिहिलंय हे त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. त्याने वहीकडे पाहिलं, मग आत्याकडे. आत्या टेबलाच्या कडेकडे बघत होती.

“खोटे तास लावणं ही चोरीच धरतात,” मॅडम म्हणाल्या. “मला वर कळवावं लागेल. म्हणून आधी विचारते.”

“मीच म्हटलं होतं बाईंना,” रोलरदादा म्हणाला. “माझी नड होती. मीच गळ घातली, लिहा म्हणून. त्यांना काही म्हणू नका. त्यांनी माझ्या भल्यासाठी केलं.”

मॅडमनी ते शांतपणे लिहून घेतलं. आत्या गप्प बसली. हे सांगताना तिचा हात चादरीवर थांबला. “मी गप्प बसले गं,” ती म्हणाली. “त्या लिहीत होत्या, मला दिसत होतं काय लिहितायत, आणि मी गप्प. वाटलं, कदाचित एवढ्यावरच भागेल. त्याला समज देऊन सोडतील.”

मॅडमनी कागद रोलरदादापुढे सरकवला. “वाचा आणि सही करा.”

त्याने वाचलं नाही. पेन उचललं. त्याची ती लालसर बोटं पेनावर नीट बसेनात. दोनदा सावरून त्याने पेन कागदावर टेकवलं.

“थांबा,” आत्या म्हणाली. “त्यांनी काही सांगितलं नाही. हे मी लिहिलंय.”

तिने पर्समधून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. बावीस दिवस पर्समध्ये राहून घडीवर फाटायला आली होती. मग तिने सगळं सांगितलं. फोन, खण, फाडलेला फॉर्म. डब्याच्या सुट्टीत चारचौघांत त्याला काय म्हणाली तेही. सांगायला फार वेळ लागला नाही. रोलरदादा चिठ्ठी उलटसुलट करून पाहत होता.

“म्हणजे मी दिली होती,” तो म्हणाला. रागाने नाही. स्वतःलाच सांगितल्यासारखं. “मला वाटायला लागलं होतं, आपलं डोकं चालेनासं झालंय.”

मॅडमनी चिठ्ठी घेऊन तारीख आणि सह्या पाहिल्या. मग त्यांनी मघाचा कागद काढून घेतला आणि खणातून दुरुस्तीचा कोरा फॉर्म समोर ठेवला.

“बाई, तुमचे बारा तास हिशेबातसुद्धा बरोबर नव्हते. रात्रपाळीचा भत्ता त्यांत नाही. आणि एक तारखेपासून दर वाढलेत. काम मागच्या महिन्याचं, तर दर मागचाच लागतो. तुम्ही नव्या दराने ओव्हरटाइम लावला. शिवाय कागदावर तीन रात्री दादा वॉर्डात नव्हतेच, लंबू होता. उद्या एखाद्या वॉर्डातून कुणी विचारलं, त्या रात्री कपडे कोणी नेले, तर आपण काय दाखवणार?”

आत्याने फॉर्म आपल्याकडे ओढला.

“ते बारा तास मी आत्ता काढते. फाइल अजून उघडी आहे. खऱ्या तीन रात्री त्या त्या तारखेनिशी, मागच्या महिन्याची दुरुस्ती म्हणून याच पगारात घालता येतील. पण एकाची बेरीज केली तर दुसऱ्याची वजाबाकी आली. लंबूच्या आजारी रजा दोनच शिल्लक आहेत. दोन रात्री त्या रजेत बसतील, तिसरी बिनपगारी होईल, आणि तिन्ही रात्रींचा भत्ता परत घ्यावा लागेल. त्याच्या लेखी संमतीशिवाय मी कापणार नाही. त्याची सही आणि व्यवस्थापकांची सही, पाचच्या आत.”

आत्याने तिथेच फॉर्म भरला. तळाशी आली, दुसऱ्या चौकोनात खूण केली. रोलरदादाने आपल्या ओळीवर सही केली आणि खाली कामावर जायला निघाला. लिफ्टपर्यंत दोघं एकत्र चालले, पण तो जिन्याने उतरला.

लंबूची तेव्हाही रात्रपाळीच होती. म्हणजे दुपारी तो झोपलेला असणार. तो हॉस्पिटलमागच्या कर्मचारी वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. आत्याचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. दोनच्या सुमारास तिने दार वाजवलं. लंबूच्या बायकोने दार उघडलं आणि पर्यवेक्षक दारात पाहून ती घाबरली. “काही झालं का?”

“त्याचं काही नाही. माझंच काम आहे.”

लंबू डोळे चोळत बाहेर आला. त्याच्या बायकोसमोरच आत्याला पुन्हा सगळं सांगावं लागलं. लंबूने मान खाली घातली.

“मला दिसलं होतं, बाई,” तो म्हणाला. “तीन रात्री जास्तीच्या लागल्यात ते. मला वाटलं, मी आजारी होतो म्हणून तुम्ही सोय केलीत. तुम्ही एवढ्या कडक, आणि माझ्यासाठी असं केलंत. कशाला बोलून तुम्हाला अडचणीत आणायचं, म्हणून गप्प बसलो. हिला पण सांगितलं, बाई आतून चांगल्या आहेत.”

आत्या मला म्हणाली, चौथ्या मजल्यावरच्या खोलीत लाज वाटली, पण ह्या वाक्याने तोंड कुठे लपवावं ते कळेना.

कपात एकदम झेपणार नाही, असं लंबूची बायको म्हणाली. मॅडमनी दोन हप्त्यांची सोय फॉर्मवर ठेवलीच होती. आत्याने दोन्ही आकडे वाचून दाखवले, निम्मं या पगारात, निम्मं पुढच्या. मग म्हणाली, “चूक माझी आहे. हे दोन्ही हप्ते मीच भरते.” लंबू काही बोलायच्या आत त्याची बायको म्हणाली, “नको. जे आमचं नव्हतं ते जाऊ दे. तुमचे पैसे घेतले की परत तेच होईल, सोय.” लंबूने सही केली.

व्यवस्थापक चार वाजेपर्यंत मीटिंगमध्ये होते. आत्या बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आत बोलावलं तेव्हा त्यांनी फॉर्म वाचला, दुसऱ्या चौकोनातली खूण पाहिली, चष्मा काढला. “बाई, तुम्ही?” एवढंच म्हणाले. सही केली. चार-पन्नासला फॉर्म पगारवाल्या मॅडमच्या टेबलावर पोचला. त्यांनी वेळ लिहून घेतली.

आठवड्याने तिला लेखी ताकीद मिळाली. चुकीसाठी नाही, खोट्या तासांसाठी. चूक तर फॉर्मनेच मिटली असती, असं पत्रात स्पष्ट म्हटलं होतं. सहा महिने तिच्या हजेरीवर दुसरी सही लागणार होती, आणि ती सही करणार होती घड्यांच्या टेबलावरची एक मुलगी, जिला बेरजेसकट सगळं आत्यानेच शिकवलं होतं. ती बिचारी दर महिन्याला सही करताना म्हणायची, “बाई, बघायचं काय त्यात.” आत्या म्हणायची, “बघ. ओळ न् ओळ बघ.”

राहिली एक गोष्ट. रोलरदादाला ती चारचौघांत बोलली होती, तेव्हा कबुलीही चारचौघांत द्यायला हवी होती. तीन दिवस तिला जमलं नाही. चौथ्या दिवशी तिने ऐन कामात, रोलर सुरू असताना सगळ्यांना उद्देशून म्हटलं, “दादांनी चिठ्ठी दिली होती. माझ्याकडून राहिली.” वाफेच्या आणि पट्ट्यांच्या आवाजात निम्म्यांना ऐकूच गेलं नाही. रोलरदादाने मान वर केली नाही.

“मी मुद्दाम तेव्हाच म्हटलं,” ती मला म्हणाली. “ऐकू जाणार नाही हे मला माहीत होतं. घरी आले आणि तुझ्या काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, उद्या यंत्र बंद असताना बोल. दुसरं काही म्हणाले नाहीत.”

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत ती उभी राहिली. त्याच जागी, त्याच टेबलाशी. चिठ्ठी मिळूनही बावीस दिवस लपवली, हेही तिने सांगितलं. कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. रोलरदादा डबा धुवायला उठला. जाताना म्हणाला, “बसा बाई. जेवून घ्या.”

महिनाअखेरीला पगार झाला. त्याच्या स्लिपवर नेहमीच्या पगाराखाली वेगळी ओळ होती: मागील महिन्याची दुरुस्ती, तीन रात्री, खाली रात्रपाळी भत्ता. लंबूच्या स्लिपवर तशीच ओळ, वजा चिन्हाने. आत्याने रोलरदादाला विचारलं, बरोबर आहे का. त्याने बोट ठेवून वाचलं. “बरोबर आहे,” म्हणाला. साडूचे त्याच संध्याकाळी फेडले, हे तिला दुसऱ्याकडून कळलं.

त्यानंतर काही दिवसांनी तिला दिसलं, पाळी संपली की रोलरदादा खिशातून एक छोटी वही काढतो, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो, काहीतरी लिहितो आणि वही परत ठेवतो. ती जवळून गेली की तो पान झाकत नसे, पण थांबत असे. ती काय वही आहे हे विचारायची गरज नव्हती.

पुढच्या एकवीसला हजेरी भरण्याआधी ती त्याच्या रोलरशी गेली. “दादा, तुमच्या वहीतलं सांगा. मी ताडून बघते.”

तो क्षणभर गोंधळला. मग वही काढून वाचू लागला. सात ते तीन. सात ते तीन. सात-दोन ते तीन. आत्या उभ्याने एकेक ओळ बघत होती. तो वाचताना वर पाहत नव्हता.

“निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला असंच,” आत्या म्हणाली. “नऊ वर्षं. एकदाही फरक निघाला नाही. बोलायचा नीट, मुलीच्या नोकरीचे पेढे आणून दिले, काका आजारी होते तेव्हा दोनदा भेटून गेला. पण वही त्याने बंद केली नाही.”

तिने चादर कपाटात ठेवली आणि मला दुसरी द्यायला सांगितली.